म्युनिकसाठी कुकर: पाच लिटर, स्टीलचा, आतल्या झाकणाचा

चि. अमेय यास,

दिवाळीला पुण्याला जाशील तेव्हा कोणता कुकर आणावा, असे तू विचारले आहेस. हॉकिन्सचा, पाच लिटरचा, स्टेनलेस स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा आणि आतल्या झाकणाचा घे. यामागची कारणे सविस्तर लिहितो, म्हणजे दुकानात कोणी दुसराच कुकर पुढे केला तर तुला नेमके विचारता येईल.

आधी तुझ्या शेगडीविषयी. तू पाठवलेल्या फोटोत काळ्या काचेखाली लाल वर्तुळ दिसते आहे, म्हणजे ती साधी विजेची काचेची शेगडी आहे आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा कुकरही चालेल. परंतु इथे भाड्याचे घर बदलले की स्वयंपाकघरही बदलते आणि पुढच्या घरात इंडक्शन असू शकते, ज्यावर साधे ॲल्युमिनियम तापतच नाही. म्हणून स्टीलचाच घे, आणि दुकानात तळाला लोहचुंबक लावून बघ. तो घट्ट चिकटला पाहिजे.

मापाबाबत बहुतेकांची चूक होते. दोन माणसांना तीन लिटर पुरेल, असे दुकानदार सांगेल. पण कुकरवर लिहिलेले माप काठोकाठचे असते; फेस येणारी डाळ किंवा तांदूळ थेट कुकरात शिजवायचे असतील तर पाण्यासह अर्ध्याच्या वर भरायचे नसतात. शिवाय आपल्याकडे वरण आणि भात एकाच वेळी डब्यांत लागतो, आणि एकावर एक दोन डबे पाच लिटरमध्ये नीट बसतात. रोज आमटी-भात करणाऱ्या घरात तीन लिटरचा कुकर दोनदा लावावा लागतो.

झाकणाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आतले झाकण तिरके करून भांड्यात घालायचे आणि वर ओढून बसवायचे असते. वाफेचा दाब त्याला आतूनच काठाशी दाबून धरतो, त्यामुळे आत दाब असेपर्यंत ते उघडत नाही. बाहेरचे झाकण भांड्यावर फिरवून बसवतात. त्याचे तोंड मोठे असल्यामुळे डबे काढणे सोपे जाते, आणि प्रेस्टीजचे तसे कुकरही चांगले आहेत. पण मी पहिल्यांदा आलो तेव्हा आणलेल्या बाहेरच्या झाकणाच्या एका कुकरचे रबर दुसऱ्या हिवाळ्यात ढिले पडले, त्या मापाचे रबर इथल्या भारतीय दुकानात मिळाले नाही, आणि पुढच्या भारतभेटीपर्यंत कुकर कपाटात पडून राहिला. म्हणून कुकर कोणताही घेतलास तरी त्याच मॉडेलची दोन रबरे, दोन सेफ्टी व्हॉल्व्ह आणि एक जादा शिट्टी बरोबर आण. आतल्या झाकणाच्या कुकरचे तोंड काहीसे अरुंद असते, तेव्हा डबे त्याच कंपनीचे घे आणि ते दुकानातच आत घालून, बाहेर काढून बघ.

रबर गेले हे ओळखणे सोपे आहे. शिट्टी होण्याऐवजी झाकणाच्या काठातून वाफ येते आणि पाण्याचे थेंब भांड्याच्या बाहेरून ओघळतात. काम झाल्यावर झाकण लावून ठेवू नकोस, रबर धुऊन मोकळे ठेव. ते अधिक टिकते.

इथल्या शेगडीवर कुकर लावण्याची रीत थोडी वेगळी आहे. तळाशी दोन कप पाणी घाल. खालच्या डब्यात पाऊण कप तूरडाळ आणि दीड ते दोन कप पाणी, वरच्या डब्यात एक कप तांदूळ आणि दोन कप पाणी घे. म्युनिकचे पाणी जड असल्यामुळे डाळ लवकर शिजत नाही, म्हणून ती अर्धा तास भिजवून ठेव. शेगडी मोठ्या आचेवर ठेव आणि पहिल्या शिट्टीच्या आधी वाफ जोरात येऊ लागली की आच मध्यम कर, कारण काच सावकाश निवते आणि आच कमी केल्यावरही शिट्ट्या लागोपाठ होत राहतात. चार शिट्ट्यांनंतर शेगडी नुसती बंद करून चालत नाही. कुकर त्या गरम वर्तुळावरून उचलून बाजूला ठेवावा लागतो, नाहीतर दाब उतरायला वेळ लागतो आणि भात गिच्च होतो. इंडक्शनवर मात्र उलट होते, तिथे आच लगेच उतरते.

जड पाण्यामुळे तळाशी पांढरा थर साचेल. आठवड्यातून एकदा पाण्यात थोडे व्हिनेगर घालून उकळ, आणि शिट्टी बसते ती नळी प्रत्येक वेळी उजेडासमोर धरून बघ. तिच्यातून आरपार दिसले तरच झाकण लाव.

कुकर चेक-इन बॅगेत टाक. झाकण वेगळे गुंडाळ, शिट्टी आणि रबरे एका डब्यात ठेव, डबे कुकरात घाल आणि उरलेल्या जागेत मोजे नाहीतर मसाल्यांची पाकिटे भर. बिल आणि वॉरंटीचा कागद मात्र हातातल्या पिशवीत असू दे.

तुझा,
दादा