फेरफाराच्या निकालावर अपील: ६० दिवस मोजायचे कसे?

मंडळ अधिकाऱ्याने किंवा तहसीलदाराने फेरफाराच्या तक्रारीत निकाल दिला की आपल्याकडं लोक लगेच म्हणतात, साठ दिवस आहेत, बघू निवांत. पण ते साठ दिवस कुठून सुरू होतात, त्यातले कुठले दिवस धरायचे नाहीत आणि शेवटचा दिवस नक्की कुठला, हे कागदावर मांडून कोणीच बघत नाही, आणि मग चांगल्या केसेस मुदतीच्या मुद्द्यावरच मरतात.

नियम महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २५० मध्ये आहे. कलेक्टरच्या खालच्या अधिकाऱ्याचा निकाल असेल तर ६० दिवस, नाहीतर ९० दिवस. आणि हे दिवस निकालाच्या तारखेपासून नाही, निकाल तुम्हाला मिळाला त्या तारखेपासून मोजायचे. म्हणून निकाल पोस्टाने आला असेल तर ते पाकीट फेकू नका, त्यावरचा शिक्का हाच तुमचा पुरावा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा तासगाव तालुक्यातली द्राक्षबाग आहे, भावाभावांच्या वाटणीची नोंद मंडळ अधिकाऱ्याने एकाच्या बाजूने मंजूर केली आणि दुसऱ्या भावाला निकाल १० मार्च २०२५ ला मिळाला. त्याला प्रांताकडं अपील करायचंय. मिळाला तो दिवस मोजायचा नाही, म्हणजे ११ मार्च हा पहिला दिवस. मार्चचे २१, एप्रिलचे ३०, झाले ५१, आणि मेचे ९ धरले की ९ मे ला साठावा दिवस.

पण अपिलाला निकालाची सही-शिक्क्याची नक्कल जोडावी लागते आणि ती मिळवायला लागलेला वेळ मुदतीतून वजा होतो. त्याने नक्कल अर्ज १७ मार्चला दिला आणि नक्कल १ एप्रिलला तयार झाली. अर्जाचा आणि तयार झाल्याचा, दोन्ही दिवस धरून हे १६ दिवस. ९ मे मध्ये १६ मिळवले की २५ मे, तो रविवार. शेवटचा दिवस रविवारी किंवा सरकारी सुट्टीला आला तर कलम २५३ प्रमाणे सुट्टी संपल्यावरचा पुढचा दिवस चालतो, म्हणून इथं खरी शेवटची तारीख सोमवार, २६ मे. मधल्या सुट्ट्या मात्र वजा होत नाहीत, फक्त शेवटच्या दिवशीची सुट्टी कामाला येते.

नक्कल हातात आली की ती उलटी करून बघा. मागं साधारण अर्ज कधी आला, नक्कल तयार कधी झाली आणि दिली कधी, अशा तारखा टाकलेल्या असतात. लोक इथंच फसतात. १ एप्रिलला तयार झालेली नक्कल तुम्ही ९ एप्रिलला नेली तर मधले ८ दिवस तुमच्याच खात्यात, ते वजा होणार नाहीत. आणि मुदत संपून गेल्यावर नक्कल अर्ज दिला तर त्याचा काहीच फायदा नाही, म्हणून अर्ज निकाल मिळाल्या मिळाल्या टाका.

समजा तरी उशीर झालाच, अपील २० जूनला दाखल केलं. २७ मे पासून मोजलं तर उशीर २५ दिवसांचा. कलम २५१ खाली पुरेसं कारण पटलं तर प्रांत तो माफ करू शकतात, त्यासाठी अपिलाबरोबरच विलंब माफीचा वेगळा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यायचं, त्यात २५ हा आकडा स्पष्ट लिहायचा. ‘आजारी होतो’ एवढं लिहून भागत नाही. मिरजेच्या दवाखान्यात २० मे ते १० जून ॲडमिट होतो, हे डिस्चार्ज कार्ड, आणि ११ ते २० जून या काळात वकिलाकडं कागद देऊन अपील तयार करून घेतलं, असं सलग सांगायचं. हे उशिराचं कारण मुदत संपायच्या आधी सुरू झालेलं पाहिजे. ३० मे ला आजारी पडला असता तर २६ मे ला अपील का नाही केलं याचं उत्तर त्या आजारात मिळत नाही. सुप्रीम कोर्टाने १९८७ च्या कातिजी निकालात म्हटलंय की रोजच्या उशिराचं कारण द्या याचा अर्थ तासातासाचा हिशोब मागा असा नाही, पण म्हणून मधले आठ-दहा दिवस कोरे सोडून चालत नाही.

नोटीसच मिळाली नाही आणि सातबारा काढल्यावर निकाल कळला, अशी केस असेल तर कळल्याची तारीख आणि तो सातबारा जोडा, आणि मुदतीत आहे असं वाटत असलं तरी माफीचा अर्जही सोबत ठेवा, म्हणजे प्रांतांनी आधीची तारीख धरली तरी अपील जागेवर बाद होत नाही.

हा हिशोब जमीन महसुलाचा आहे, दुसऱ्या खात्याच्या आदेशाला तसाच लावू नका. जीएसटीच्या आदेशावर अपिलाला ३ महिने आहेत, पुढं कारण दाखवून जास्तीत जास्त १ महिना मिळतो, त्यानंतर कारण कितीही खरं असलं तरी त्या अपील अधिकाऱ्याला उशीर माफ करायचा अधिकारच नाही.