अर्धायुकालाची गणितं सोडवताना या चुका टाळा

बारावीच्या वह्या तपासताना दरवर्षी दिसणारी पहिली चूक आकडेमोडीची नसते, प्रश्न वाचण्याची असते. आयोडीन-131चा अर्धायुकाल साधारण 8 दिवस. प्रश्न असतो, 80 टक्के आयोडीनचा ऱ्हास व्हायला किती दिवस लागतील? `N = N0·e^(-kt)` या सूत्रातला N म्हणजे उरलेलं प्रमाण, संपलेलं नव्हे. तरी 80 दिसले की मुलं 0.8 ठेवून मोकळी होतात.

एका सराव परीक्षेत माझ्या हुशार विद्यार्थिनीने असंच केलं. k = 0.693 / 8 = 0.0866 बरोबर काढला आणि उत्तर लिहिलं 2.6 दिवस. मी विचारलं, "निम्मं संपायला 8 दिवस लागतात, मग 80 टक्के अडीच दिवसांत कसं संपेल?" ती म्हणाली, "मॅडम, सूत्रात घालून तेवढंच आलं." सूत्रात घालण्याची ही घाई मला फार खटकते. 16 दिवसांनी 25 टक्के उरतं, 24 दिवसांनी 12.5 टक्के. आपल्याला 20 टक्के उरायला हवं, म्हणजे उत्तर 16 आणि 24च्या मध्येच असणार. एवढं समासात लिहायला मी पेन उचलण्याआधीच सांगते.

दुसरी चूक लॉगच्या तक्त्यातून येते. 0.693 हा 2चा नैसर्गिक लॉग आहे, तक्त्यातला लॉग मात्र पाया 10चा. 2.303ने गुणायचं विसरलं की 0.699 / 0.0866, म्हणजे सुमारे 8 दिवस येतात. 8 दिवसांत तर निम्मंच संपतं! समासातल्या अंदाजामुळे ही चूकही तिथल्या तिथे पकडली जाते. k विचारलाच नसेल तर मी त्याच्या वाटेलाच जात नाही. उरलेला भाग पाचवा हिस्सा, म्हणून

```
t = 8 × log 5 / log 2
  = 8 × 0.6990 / 0.3010
  = 18.6 दिवस
```

भागाकारात दोन्ही लॉग एकाच पायाचे असले की झालं, 2.303 लागतच नाही.

k काढावाच लागला तर तो लवकर गोल करू नका. कार्बन-14चा अर्धायुकाल 5730 वर्षं, k = 0.000121. कोणी तो 0.0001 धरला आणि पाव हिस्सा कार्बन उरलेल्या लाकडाचं वय काढलं, तर 13,863 वर्षं येतात. खरं उत्तर दोन अर्धायुकाल, 11,460 वर्षं. शून्यांनंतर निदान तीन अर्थपूर्ण अंक ठेवा.

वाढीच्या गणितात जिवाणू 3 तासांत 500चे 2000 झाले, तर k साठी वजाबाकी करू नका. गुणोत्तर घ्या, 4. मग k = ln 4 / 3 = 0.462 प्रति तास. "प्रति तास" लिहायला विसरलात, तर पुढच्या ओळीत t मिनिटांत घातला जातो.