पेडागॉजी म्हणजे चार्ट नव्हे! नवीन ट्रेनींनो, या चुका टाळा

बी.एड. किंवा डी.एल.एड.ला नवीन आलेल्यांना विचारा पेडागॉजी म्हणजे काय, निम्मे म्हणणार शिकवण्याची पद्धत, उरलेले म्हणणार टीचिंग एड, आणि एखादा हुशार ग्रीक शब्दापासून सुरुवात करणार. ग्रीक मूळ पेपरात खुशाल लिहा, वर्गात ते कामाला येत नाही.

मी ट्रेनींना एवढंच सांगते, हा भाग या पोरांना याच वाटेनं का शिकवायचा, ती कुठे अडकणार, आणि अडकली की त्यांच्या चुकीवरून काय ओळखून पुढे काय करायचं, हा सगळा विचार म्हणजे पेडागॉजी, आपल्या पुस्तकांतलं अध्यापनशास्त्र. पद्धत हा त्यातला एक भाग झाला. चार्ट तर त्याहून लहान.

आता माझा सगळ्यात नावडता प्रकार. गोव्यात पेडण्याकडची मराठी प्राथमिक शाळा, चौथीचा वर्ग, अपूर्णांकांचा सराव पाठ, मी मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन. ट्रेनी मुलीनं चार्ट झकास केला होता, रंगीत, चकचकीत. तिनं विचारलं १/३ मोठा की १/४? एक पोरगा उठला आणि घरच्या कोकणीत म्हणाला, "१/४. तिनांपरस चार व्हड." बाई आधी म्हणाल्या मराठीत सांग, मग म्हणाल्या चूक, बस खाली. पुढच्या मुलीनं बरोबर सांगितलं, शाब्बास झालं, पाठ पुढे गेला. नंतर मला विचारते, "मॅडम, पेडागॉजी बरी होती ना? चार्ट होता, अ‍ॅक्टिव्हिटी पण घेतली."

अगो बाई, पेडागॉजीची वेळ आली होती ती त्या पोरग्याच्या उत्तरावर, आणि तू त्यालाच खाली बसवलंस!

पोरग्यानं कारणासकट उत्तर दिलं होतं. पूर्ण संख्यांत चार तीनापेक्षा मोठाच, तोच नियम त्यानं छेदाला लावला, आणि ही चूक जवळपास प्रत्येक वर्गात भेटते म्हणून टाचण लिहितानाच ती धरून चालायची असते. वर मी चार्ट जवळून बघितला तर १/३ साठी काढलेलं वर्तुळ बशीएवढं आणि १/४ साठीचं ताटाएवढं, म्हणजे रंगवलेला पाव भाग खरंच मोठा दिसत होता! दोन अपूर्णांकांची तुलना करायची तर पूर्ण वस्तू सारखीच हवी, हे त्या चार्टमध्येच नव्हतं. चार्टनंच त्या पोराची चूक पक्की केली.

माझी सवय अशी. आधी विचारायचं, "तुला असं का वाटलं?", आणि उत्तर कोकणीत आलं तर येऊ दे, गणित चाललंय, मराठीचा तास नाही. मग, एकच पोय, म्हणजे आपला गोव्याचा गोल पाव, तिघांत वाटली आणि तशीच दुसरी चौघांत वाटली, तुकडा कुणाचा मोठा? हे पोरं लगेच सांगतात. त्यानंतर कागदाच्या १२ सेंमीच्या दोन पट्ट्या, एकीचे तीन भाग, ४ सेंमीचे, दुसरीचे चार, ३ सेंमीचे, आणि एकाखाली एक ठेवायच्या. पट्टी अशासाठी की वर्तुळाचे तीन सारखे भाग चौथीतल्या पोराला हातानं जमत नाहीत, आणि १२ अशासाठी की तीन आणि चार दोन्हींनी भाग जातो. मग पट्टी न कापता १/६ चा अंदाज विचारायचा. कारण सांगून बरोबर उत्तर दिलं तर समजलं, नुसतं बरोबर दिलं तर मी अजून एक विचारते.

घाई करणारे इथे लगेच नियम सांगून मोकळे होतात, छेद मोठा तर अपूर्णांक लहान. हा शॉर्टकट मला अजिबात चालत नाही, कारण तो अंश सारखा असेपर्यंतच खरा. ३/४ आणि २/३ दिलेत की पोरं २/३ मोठा म्हणणार, आणि त्याच पट्टीवर बघाल तर ९ सेंमी आणि ८ सेंमी. एक चूक काढून दुसरी घातलीत.

बाकीच्या चुका थोडक्यात. अभ्यासक्रम म्हणजे पेडागॉजी नव्हे, तो काय शिकवायचं ते सांगतो. सिनियरचं टाचण उतरवू नका, त्यातली पोरं तुमच्या वर्गात नसतात. आणि विषय येतो म्हणजे शिकवता येतो असं धरू नका, अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये हाच फरक मांडला होता, विषयाचं ज्ञान वेगळं आणि तो विषय शिकणाऱ्याला कुठे कसा अडतो याचं ज्ञान वेगळं.

सीटीईटी या शिक्षक पात्रता परीक्षेच्या पहिल्या पेपरात गणिताचे ३० प्रश्न, त्यातले १५ अध्यापनशास्त्राचे. त्यात मुलानं अमुक उत्तर दिलं, शिक्षक काय करील, असे प्रश्न येतात, आणि व्याख्या पाठ केलेले लोक "बरोबर उत्तर फळ्यावर लिहून देईल" यावर टिक करून येतात.