हाऊसकीपिंग, सिक्युरिटी आणि मेंटेनन्सच्या कॉन्ट्रॅक्टचं बजेट कसं काढायचं, किमान वेतनवाढ धरून

बऱ्याच संस्थांमध्ये हे बजेट असंच होतं की मागच्या वर्षीचं बिल घ्यायचं, त्यावर दहा टक्के टाकायचे आणि फाईल पुढे सरकवायची. मग वर्षाच्या मधे वेतनाचं नोटिफिकेशन येतं, एजन्सी फरकाचं बिल लावते आणि अकाउंट्सवाले म्हणतात हेडमध्ये पैसेच नाहीत. बिल लटकतं, पण सफाईवाल्या ताईंचा पगार तर जुन्याच दराने होतो, म्हणजे सगळ्यात शेवटी मार त्यांनाच बसतो. म्हणून मागच्या बिलाकडे न बघता एका माणसाच्या रोजापासून सुरुवात करा.

आधी दर कुठला लागतो ते बघा. केंद्राच्या अखत्यारीतल्या संस्थेला केंद्राचे दर, बाकीच्यांना आपापल्या राज्याचे. हे महत्त्वाचं अशासाठी की वाढीच्या तारखा वेगळ्या आहेत. केंद्राचा बदलता महागाई भत्ता १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो, महाराष्ट्रात विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै अशा सहामाहीने. शहराचा वर्ग किंवा झोनही त्याच तक्त्यात बघून घ्या. आणि गार्डला अकुशल कामगाराचा दर लावू नका, केंद्राच्या तक्त्यात हत्यार नसलेल्या गार्डचा रकानाच वेगळा आहे आणि तो दर कुशल कामगाराएवढा पडतो. इलेक्ट्रिशियन, प्लंबर हे कुशल, त्यांचे हेल्पर अकुशल, हेही आत्ताच लिहून ठेवा.

आता एका माणसाचा खर्च. आकडे समजायला सोपे म्हणून रोज ५०० रुपये धरू, तुम्ही तुमचा खरा दर टाका. ५०० गुणिले २६ म्हणजे महिन्याला १३,०००. त्यावर मालकाचा पीएफ प्रशासकीय खर्च आणि विमा धरून १३ टक्के म्हणजे १,६९०, ईएसआय ३.२५ टक्के म्हणजे ४२३, बोनस ८.३३ टक्के म्हणजे १,०८३. झाले १६,१९६. एजन्सीचा सर्व्हिस चार्ज ५ टक्के धरला तर ८१०, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी ३,०६१. एकूण २०,०६७. म्हणजे हातात येणाऱ्या नाही, नुसत्या ठरलेल्या वेतनाच्या साधारण १.५४ पट. हा गुणक नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच चालतं.

जीएसटीचं एक बघून घ्या. बारावीपर्यंतच्या शाळेला सफाई आणि सिक्युरिटीच्या सेवेवर जीएसटी माफ आहे, कॉलेजला नाही. एकाच आवारात शाळा आणि कॉलेज असेल तर कॉन्ट्रॅक्ट किंवा निदान बिल वेगळं घ्या, नाहीतर शाळेच्या वाट्यालाही कर भरत बसाल. आणि बोनस एजन्सी दर महिन्याला बिलात धरते की दिवाळीला एकदम मागते ते आधी लिहून घ्या, दोन्हीकडे धरला तर बजेट उगाच फुगतं.

आता वेतनवाढ. समजा प्रत्येक सहामाहीला रोजामागे २० रुपये वाढतील असं धरलं (तुमच्यासाठी मागच्या चार-पाच नोटिफिकेशनमधल्या वाढी समोर ठेवा आणि त्यातली मोठी धरा, सरासरी नको). २० गुणिले २६ म्हणजे ५२०, पण संस्थेला पडणार ५२० गुणिले १.५४३६ (गुणक न गोलावता), साधारण ८०३ रुपये. कारण पीएफ, ईएसआय, बोनस, सर्व्हिस चार्ज, जीएसटी सगळं टक्क्यात आहे, वेतन हललं की सगळंच हलतं. नुसते ५२० धरणारे इथेच फसतात.

मग हे ८०३ किती महिने लागणार ते मोजा. बजेट एप्रिल ते मार्चचं आणि दर केंद्राचा असेल तर एप्रिलची वाढ १२ महिने, ऑक्टोबरची ६ महिने, मिळून १८. एका माणसामागे १४,४५४, वीस माणसांना साधारण २ लाख ८९ हजार. तेच महाराष्ट्राच्या दराने असेल आणि तुम्ही डिसेंबरमध्ये जुन्या दरावर बजेट बांधत असाल तर जानेवारीची वाढ पूर्ण १२ महिने, जुलैची ९, पुढच्या जानेवारीची ३, मिळून २४ महिने. वीस माणसांना साधारण ३ लाख ८५ हजार. वाढ तीच २० रुपयांची, फक्त तारखांमुळे जवळजवळ लाखभराचा फरक. मूळ खर्च वीस माणसांचा ४८ लाख १६ हजार, त्याच्याखाली ही रक्कम "वेतन फरक" म्हणून वेगळ्या ओळीत दाखवा, मूळ रकमेत मिसळू नका, म्हणजे मंजुरी देणाऱ्यांनाही कळतं की हे एजन्सीचे वाढीव पैसे नाहीत.

भत्त्याशिवाय मूळ दरसुद्धा काही वर्षांनी बदलतात आणि तेव्हा उडी मोठी असते, केंद्राचे मूळ दर १९ जानेवारी २०१७ ला असेच बदलले होते. तुमच्या राज्यात मूळ दर ठरून पाचेक वर्षं होत आली असतील किंवा मसुदा निघाला असेल तर वेगळी राखीव रक्कम मागाच, भत्त्याच्या तरतुदीत ती बसत नाही.

माणसं मोजताना सिक्युरिटीत जास्त चुका होतात. चोवीस तासांची एक पोस्ट म्हणजे आठवड्याला २१ शिफ्ट, एक गार्ड सहा करतो, म्हणजे साडेतीन माणसं. चार पोस्टना १४ लागतात, १२ नाही. कोटेशनमध्ये १२ च असतील तर एकतर गार्डला साप्ताहिक सुट्टी मिळत नाही किंवा १२ तासांची ड्युटी चालते, आणि तिथे ओव्हरटाईम दुप्पट दराने द्यावा लागतो. रजेचा बदली माणूस याहून वेगळा. मेंटेनन्समध्ये माणसं आणि लिफ्ट, जनरेटर, एसीचं एएमसी वेगळं करा, एएमसीचा दर करारात ठरलेला असतो, त्याला १.५४ लावायचं नाही. सफाईचं सामान, युनिफॉर्म हेही बाहेर काढा.

आता करारात काय लिहायचं, कारण बजेट त्यावरच टिकतं. वेतन आणि त्यावरची वैधानिक देणी नोटिफिकेशनप्रमाणे वाढतील, सर्व्हिस चार्ज मात्र ठरलेल्या रुपयांत राहील, असं लिहिलं तर वरचे ८०३ साधारण ७६४ वर येतात. पीएफ पूर्ण वेतनावर की १५,००० च्या मर्यादेपर्यंत तेही स्पष्ट लिहा. मर्यादेपर्यंतच असेल तर वेतन १५,००० च्या वर गेल्यावर वाढीवर पीएफ लागत नाही आणि गुणक कमी होतो. सुपरवायझरचं वेतन २१,००० ओलांडलं तर चालू अंशदान कालावधी संपल्यावर तो ईएसआयमधून बाहेर पडतो, तिथे अपघात आणि आजारपणाच्या विम्याची वेगळी तरतूद लागते. आणि कोणी सर्व्हिस चार्ज जवळपास शून्य लावला तर खुश होऊ नका, तो पैसा बोनस, सुट्टी किंवा युनिफॉर्ममधूनच निघतो.

फरकाचं बिल आलं की नोटिफिकेशनची प्रत, वाढीव दराचा मस्टर, बँक ट्रान्सफरची यादी आणि पीएफ, ईएसआयची चलनं मागा. पीएफच्या रिटर्नमधलं एकूण वेतन भागिले माणसं करून बघा, आकडा जुन्याच दराजवळ आला (मस्टरवर गैरहजेरी तेवढी नसताना) तर फरक तुमच्याकडून घेतलाय पण कामगारांपर्यंत गेलेला नाही. अशा वेळी बिल अडवून आधी पगार करायला लावा, कारण कंत्राटदाराने वेतन दिलं नाही तर ते देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालक म्हणून संस्थेवरच येते.