चक्कीनामा वाचायला शिकताना

सूफी काव्याचा अभ्यास सुरू करणारे बहुतेक जण आधी गझल-कव्वालीकडे वळतात. मी मात्र नव्या माणसाला चक्कीनाम्यापासून, म्हणजे दख्खनी उर्दूतल्या जात्यावरच्या सूफी गाण्यापासून, सुरुवात करायला सांगतो. जात्यावरची ओवी ऐकलेल्याला तो लवकर उमगतो.

विजापूरला सोळाव्या-सतराव्या शतकांत चिश्ती परंपरेतल्या बुरहानुद्दीन जानम, अमीनुद्दीन आला यांच्यासारख्या सूफींनी दख्खनीत लिहिलं. फारसी-अरबी न येणाऱ्यांपर्यंत त्यांना पोहोचायचं होतं. याच वातावरणात बायकांच्या कामाची गाणी रचली गेली: दळताना चक्कीनामा, सूत काततानाचा चरखानामा, बाळाला निजवताना लोरीनामा.

एका चक्कीनाम्यात जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाच्या नावाचं पहिलं अक्षर. मधली खीळ म्हणजे मुहंमद, जागच्या जागी घट्ट. पुढे देहालाच जातं म्हटलं आहे, आणि शरियत पाळली तर ते नीट चालतं. अलिफ ही नुसती उभी रेघ असते. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ती दाखवता येते, आणि तिच्या मुठीत ती रोज पहाटे असतेच. ही शिकवण द्यायला वेगळी वेळ, वेगळी जागा लागत नाही.

आता ध्रुपद पाहा: ‘या बिस्मिल्ला, हू हू अल्ला’. हे मनात वाचून कळत नाही. हात गोल फिरवत, श्वास सोडत म्हणा. खानकाहीत, म्हणजे सूफींच्या मठात, मुरीद म्हणजे शिष्य श्वासाच्या लयीत नामस्मरण करतात, त्याला जिक्र म्हणतात. इथे दळणाऱ्या बाईकडून तेच घडतं, तेही काम न थांबवता. माझ्या मते या गाण्याची खरी ताकद रूपकापेक्षा या लयीत आहे.

लगेच शेजारी जनाबाई ठेवून वाचा. ‘दळिता कांडिता तुज गाईन अनंता’ म्हणणाऱ्या जनीसोबत विठ्ठल स्वतः दळायला बसतो. चक्कीनाम्यात देव सोबतीला येत नाही, तो जात्याच्या रचनेतच आहे. दोन्हीकडे जातं आहे म्हणून शिकवण एकच, असं समजू नका.

हस्तलिखितापर्यंत पोहोचलात की फारसी लिपी अडवेल. ऱ्हस्व स्वर लिहिलेले नसतात, आणि जुने लेखनिक पुष्कळदा ‘ग’साठीही ‘क’च लिहितात. ओळ अडली की मोठ्याने म्हणून पाहा. लय तुटली तर बहुधा शब्द चुकीचा लावलेला असतो. ‘नको’सारखे शब्द मराठी वाचकाला आयतेच ओळखू येतात.

शेवटच्या कडव्यात पीराचं, म्हणजे सूफी गुरूचं, नाव आलं म्हणून रचना त्याचीच, असं लगेच लिहू नका. मुरीदही आपल्या पीराचं नाव गुंफतात. शिवाय ही गाणी तोंडोतोंडी फिरली, त्यामुळे एकाच रचनेची दोन हस्तलिखितं मिळाली तर त्यांतला फरक खोडून ‘शुद्ध’ पाठ बनवण्याची घाई करू नये. दोन्ही पाठ समोरासमोर उतरवा आणि ध्रुपद कुठे बदललं ते आधी पाहा.