स्वस्त टाइप-सी केबल घेताना 56 किलोओहम बघा की

खडेबाजारात नायतर निपाणीच्या स्टँडजवळ स्वस्तातली केबल घेताय, एक टोक जुनं चपटं यूएसबी-ए आणि दुसरं टाइप-सी, तर एवढं वाचा. या केबलच्या सी टोकात एक बारीक रेझिस्टर असतो, तो 56 किलोओहमचाच पायजे. फोनला चार्जरची ताकद थेट कळत नाही, टाइप-सी टोकातल्या सीसी नावाच्या पिनवरचं व्होल्टेज बघून तो ठरवतो. 56 असला की तिथं साधारण 0.4 व्होल्ट येतात, म्हणजे साधा पोर्ट आहे, जपून घे. स्वस्त केबलीत 10 किलोओहमचा घातलेला असला की तेच 1.7 च्या आसपास जातंय आणि फोन समजतो की समोर 3 अँपिअर तयार आहेत.

आता घरातला जुना 1 अँपिअरचा चार्जर धरा, फोन त्याच्याकडनं तिप्पट ओढायला बघतो. चांगला चार्जर स्वतःच बंद होतो, पण ज्यात तसलं संरक्षणच नाही तो तापतो, वास मारतो, शेवटी जळतो, आणि जळताना भलतंच व्होल्टेज बाहेर सोडलं तर फोनपण जातो. लॅपटॉपचा पोर्ट तर 500 नायतर 900 मिलीअँपिअरचाच, तिथं ही केबल अजिबात लावू नका.

घेताना पाकिटावर 56k लिहिलंय का बघा, शंका असली तर मधे यूएसबी मीटर लावा, 1 अँपिअरच्या चार्जरवर आकडा 1 च्या बराच वर जात असला किंवा व्होल्टेज 4.75 च्या खाली घसरत असलं तर केबल लगेच काढा. दोन्हीकडं टाइप-सी असलेल्या केबलीत मात्र हा रेझिस्टर नसतो, चार्जर स्वतःच सांगतो.