मृणालला पत्र: पीएफच्या तीन आकड्यांबद्दल

नाशिक, 8 जून 2025

चि. मृणाल,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, ऑफर लेटरमध्ये 21,280 लिहिलेत आणि एचआरवाली म्हणते हातात साडेसतराच्या आसपास येतील. मधले पैसे गेले कुठे?" तेव्हा बाबा बसस्टॉपवर वाट बघत होते, म्हणून घाईत फोन ठेवला. आता निवांत लिहिते. लेटरचा फोटो मोठा करून बघितला. तूही समोर घेऊन बस.

तुझं बेसिक 14,000, घरभाडं भत्ता 5,600 आणि खाली "कंपनीचा पीएफ" 1,680. झाले 21,280. म्हणजे तो 1,680 चा आकडा तुझ्या पगाराचा नाहीच. कंपनी तुझ्या नावाने जे भरणार आहे तेही त्यांनी बेरजेत धरलंय. कायद्याने कंपनीला स्वतःचा वाटा तुझ्या पगारातून कापता येत नाही. पण ऑफर देतानाच तो "एकूण खर्चात" मोजायची रीत सगळीकडे पडलीये, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. फक्त दोन नोकऱ्यांची तुलना करताना ही ओळ आधी वजा करायची. तुझा खरा पगार 19,600.

त्यातून तुझ्या वाट्याचे 12 टक्के कापले जातील. हे टक्के बेसिक आणि महागाई भत्त्यावर काढतात, घरभाड्यावर नाही. 14,000 चे बारा टक्के म्हणजे 1,680. शिवाय पगार 21,000 च्या आत असल्यामुळे ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, 147 जातील. व्यवसाय कर नाही, कारण आपल्याकडे महिलांना 25,000 पर्यंत तो माफ आहे. उरले 17,773. एचआरवाली बरोबरच सांगत होती.

आता खरी गंमत पुढे आहे. माझ्या ऑफिसात दरवर्षी एखादं नवीन पोरगं पासबुक घेऊन माझ्या टेबलाशी येतं आणि म्हणतं, "मॅडम, कंपनीने माझे पैसे खाल्ले." पासबुकात त्याच्या वाट्यासमोर 1,680 दिसतात आणि कंपनीच्या वाट्यासमोर फक्त 514. बारा टक्के दोघांचेही असताना असं का?

कारण कंपनीच्या बारा टक्क्यांचे दोन तुकडे होतात. 8.33 टक्के 1995 च्या पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले 3.67 तुझ्या पीएफमध्ये. तुझ्या बाबतीत 1,166 पेन्शनला आणि 514 पीएफला, मिळून 1,680. पासबुकात पेन्शनचा तिसरा रकाना वेगळा असतो, पोरं तो बघतच नाहीत. तुझा स्वतःचा वाटा मात्र अख्खा पीएफमध्येच जातो. त्यामुळे व्याज मिळणारे पैसे महिन्याला 1,680 अधिक 514, म्हणजे 2,194. पेन्शनच्या रकान्यावर व्याज चढत नाही, ते पैसे सगळ्यांच्या एका सामाईक फंडात जातात.

पेन्शनचा तुकडा जास्तीत जास्त 15,000 वर मोजतात, म्हणजे 1,250 च्या वर तो जात नाही. ही मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासून आहे. पुढे बेसिक 18,000 झालं आणि कंपनी पूर्ण बेसिकवर भरत असेल, तर 1,250 च्या वरचा कंपनीचा सगळा भाग पीएफमध्ये येईल. काही कंपन्या मात्र 15,000 वरच थांबतात आणि 1,800 भरतात. तेही नियमात बसतं, म्हणून पगारवाढ होईल तेव्हा विचारून घे. आणि तुझ्या मैत्रिणीसारखं कुणाचं पहिल्याच नोकरीत बेसिक 15,000 च्या वर असेल, तर तिला पेन्शन योजनेत घेतच नाहीत. कंपनीचे सगळे बारा टक्के तिच्या पीएफमध्ये दिसतील. तिचं आणि तुझं पासबुक वेगळं दिसलं म्हणून घाबरू नकोस.

हे इतकं सविस्तर लिहायला कारण आहे. तू शाळेत असताना मी एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात होते. स्लिपवर दर महिन्याला पीएफ कापलेला असायचा. तेव्हा आजच्यासारखं मोबाईलवर पासबुक नव्हतं, वर्षातून एकदा हिशेबाची चिठ्ठी यायची, तीही कंपनीच्याच हातून. ती आली नाही, आम्ही विचारलं, "येईल" म्हणाले. शेवटी आम्ही चौघीजणी पीएफ ऑफिसात गेलो, तर आठ महिने एक रुपयाही भरलेला नव्हता. आमच्या पगारातून कापलेला आमचा वाटासुद्धा. मी सगळ्या स्लिपा बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, बाबा हसायचे त्या डब्याला. त्याच स्लिपांवर तक्रार उभी राहिली आणि पैसे भरले गेले. एकीने स्लिपा टाकून दिल्या होत्या, तिला कापलेले आकडे सिद्ध करायला फार फिरावं लागलं.

तुला इतकं करायला नको. एका महिन्याचा पीएफ कंपनीने पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. जूनचा पैसा 15 जुलैपर्यंत. पासबुकात उमटायला थोडे दिवस जातात, म्हणून महिनाअखेरीला बघ. passbook.epfindia.gov.in वर किंवा उमंग ॲपवर तीन आकडे शोधायचे: 1,680, 514, 1,166. आपल्याला सोपं म्हणजे नोंदवलेल्या मोबाईलवरून 7738299899 वर हा मेसेज पाठवायचा, उत्तर मराठीत येतं:

```
EPFOHO UAN MAR
```

एखादा महिना पुढेमागे झाला तर आधी एचआरला विचार. सलग दोन महिने काहीच दिसलं नाही, तर epfigms.gov.in वर तक्रार टाक आणि स्लिपा जोड. व्याज मात्र दर महिन्याला शोधू नकोस. ते मोजतात महिन्याच्या शिलकीवर, पण जमा होतं वर्षातून एकदाच. 2024-25 साठी दर 8.25 टक्के होता.

आता माझी चूक, जी बाबांनाही नीट माहीत नाही. तुझ्या जन्माच्या वेळी मी पहिली सहा वर्षांची नोकरी सोडली आणि पीएफबरोबर पेन्शनचेही पैसे काढून घेतले. पाळणा आणि फ्रिज आला त्यात. पैसे न काढता पेन्शन योजनेचं प्रमाणपत्र घेतलं असतं, तर ती सहा वर्षं पुढच्या नोकरीला जोडली गेली असती. पेन्शन अशी काढतात: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. त्या काळाला 6,500 ची मर्यादा लागते, म्हणजे सहा वर्षांचे महिना 557 रुपये. अठ्ठावन्नाव्या वर्षापासून मरेपर्यंत मिळाले असते, त्यावर मी पाणी सोडलं. पेन्शनला किमान दहा वर्षं सेवा लागते. नोकरी बदललीस तर पैसे काढू नकोस, नव्या कंपनीत जुनाच यूएएन, म्हणजे पीएफचा तुझा बारा आकडी कायमचा नंबर, दे आणि खातं तिकडे वळव. दुसरा यूएएन निघाला की निस्तरताना नाकी नऊ येतात.

एक आजच बघ. कंपनीने फॉर्म भरताना तुझं नाव आधारप्रमाणेच लिहिलंय ना? तुझ्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आहे आणि आधारवर शेवटी. जन्मतारीखही ताडून घे. वारसाचं नाव लगेच ऑनलाइन भर, आत्ता माझं आणि बाबांचं चालेल. लग्न झालं की ते आपोआप रद्द होतं, नवीन भरावं लागतं. (यावरून लगेच फोन करून चिडू नकोस, नियम सांगितला फक्त.)

पहिली स्लिप आली की फोटो पाठव. चिवडा संपला असेल तर बाबा शनिवारी येतायत त्यांच्याबरोबर देते.

तुझी,
आई